‘मामा कागद फायनल टू’ नावाची फाईल

नगरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी एचआरला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवायची. माझ्या साहेबांच्या हाताखाली मी एकटीच होते आणि बाजूच्या टेबलावर कामगारांची हजेरी बघणारा टाईम ऑफिसचा क्लार्क बसायचा. जाहिरात निघाली की आलेले अर्ज उघडायचे, प्रत्येकाचा रेझ्युमे उतरवून त्या पदाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि एक्सेलमध्ये नाव, वय, शिक्षण, अनुभव भरायचं, हे माझं काम.

लोक कसे अर्ज करतात हे मला तिथेच कळलं. कुणी विषयाची जागा रिकामी सोडायचं. कुणी तिथे फक्त ‘जॉब’ लिहायचं. मेलमध्ये एक अक्षर नाही आणि खाली चार फायली, असंही यायचं. दिवसाला साठ-सत्तर मेल आले की फोल्डरमध्ये ‘रेझ्युमे’, ‘रेझ्युमे वन’, ‘न्यू रेझ्युमे’, ‘स्कॅन झिरो झिरो वन’ अशी रांग लागायची आणि कोणती फाईल कुणाची हे शोधण्यात माझी दुपार जायची. त्यामुळे अशा लोकांचा मला राग यायचा. तो राग मला साहेबांनी शिकवला असं म्हणायला मला आवडेल, पण तो माझ्यात आधीपासून थोडा असणारच.

साहेब माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे असतील. पुण्याहून आलेले, हुशार, स्वच्छ इस्त्रीचे. दुपारी चारला चहा आला की ते म्हणायचे, “चला, आजचं रत्न कोणतं?”

मग मी दिवसभरात आलेला सगळ्यात वाईट मेल काढून द्यायचे आणि ते मोठ्याने वाचायचे. टाईम ऑफिसचा क्लार्क हसून हसून डोळे पुसायचा. रत्न निवडणं हेही माझंच काम होतं. मी ते चोख करायचे. साहेबांना कोणतं आवडेल हे मला दोन महिन्यांत अचूक कळायला लागलं होतं.

मी राहायचे भिंगारला, मामाकडे. माझं माहेर म्हणाल तर पुणतांबा, पण दहावीनंतर कॉलेजसाठी म्हणून मामाकडे आले ती तिथेच राहिले. मामा-मामींना मूल नव्हतं. मामा एका सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं होता. हेलपर म्हणून चिकटला आणि स्टोअरकीपर झाला. गिरणी बंद पडली तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. घरी बसल्यावर त्याने आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. मामी म्हणाल्या, “मला काय वाचून कळतंय व्हय, ह्यात डाळ हाय म्हनून? मी काय आंधळी हाय?” पण त्यांनी त्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत.

मार्चमध्ये आमच्या कंपनीने स्टोअर असिस्टंटची जाहिरात दिली. एकच जागा. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, की ईमेलच्या विषयात जाहिरातीचा क्रमांक टाकावा आणि रेझ्युमे एकाच फाईलमध्ये जोडावा. वयाची अट लिहिलेली नव्हती. मी घरी या जाहिरातीबद्दल बोलले नाही. मुद्दाम लपवलं असं नाही, पण बोलले नाही हे खरं. मामा आमच्या कंपनीत आला तर सकाळच्या बसला तो माझ्या शेजारी बसेल, जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी येईल, ‘हाय-न्हाई’ बोलेल, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून एकदा गेलं होतं.

त्या बुधवारी दुपारी विषय नसलेला एक मेल आला. मी उघडला. मराठीत होता, मोबाईलवर टाईप केलेला, आणि संपायचं नाव घेत नव्हता. ‘प्रति, मा. मॅनेजर साहेब यांचे सेवेशी’ अशी सुरुवात. खाली ‘विषय : स्टोअर असिस्टंट या पदावर नेमणूक मिळणेबाबत.’ म्हणजे विषय होता, पण तो मेलच्या पोटात होता आणि विषयाची जागा वर कोरी होती. मग ‘महोदय, वरील विषयास अनुसरून मी खालील सही करणार सविनय अर्ज सादर करतो की.’ सही कुठेच नव्हती. पुढे गिरणी, गिरणीचा माल, बेअरिंगच्या साईजा, आगीच्या वेळी स्टोअर कसं वाचवलं, गुडघ्याचं ऑपरेशन आता पूर्ण बरं आहे, पत्नीस शुगर आहे, मी निर्व्यसनी आहे, आणि ‘सव्वीस वर्षांत माझ्या ताब्यातून एक वायसरसुद्धा कमी भरला नाही.’

हे वाक्य मी घरी किमान शंभर वेळा ऐकलं होतं.

मी खाली गेले. नाव मामाचंच. आणि जोडलेली फाईल बघितली तर तिचं नाव ‘मामा कागद फायनल टू.’

ते नाव मी दिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी पीएफच्या कामासाठी त्याचे सगळे कागद मीच मोबाईलवर स्कॅन करून एकात एक जोडून दिले होते. अकरा पानं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड, गिरणीचं अनुभवपत्र, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. रेझ्युमे त्यात नव्हताच. मामाने कधी रेझ्युमे केलाच नव्हता, गरज पडली नव्हती.

मी तो मेल बाजूला करू शकले असते. पुसू शकले असते, कुणाला कळलं नसतं. पण साहेब त्याच वेळी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “अरे वा, मराठी! हे तर आज शोधायलाच नको.”

चहाला त्यांनी तो उभं राहून वाचला, भाषण करतात तसा. ‘खालील सही करणार’ला क्लार्क हसला. वायसरला साहेब थांबले आणि म्हणाले, “बघा, आपल्याकडे किती वायसर कमी भरले ते यांना विचारायला हवं.” आगीच्या गोष्टीपर्यंत ते स्वतःच कंटाळले. मग मला म्हणाले, “फाईलचं नाव काय आहे, वाच.”

मी वाचलं. “मामा कागद फायनल टू.”

साहेब इतके हसले की त्यांना कप खाली ठेवावा लागला. “फायनल टू! म्हणजे एकदा मामा बनून झालं, आता दुसऱ्यांदा. अहो, कुणी बनवलं या मामांना?”

मीही हसले. कसंनुसं नाही, चांगलं हसले. आवाज करून.

हसणं ओसरल्यावर साहेबांनी पडद्यावर पत्ता पाहिला. “अगं, हा तर तुझ्या भिंगारचा निघाला. ओळखतेस?”

“नाही,” मी म्हणाले. “भिंगार मोठं आहे सर.”

आमची आडनावं वेगळी, तो माझ्या आईचा भाऊ. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मी तो अर्ज ‘अपात्र’ म्हणून नोंदवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, विषयात क्रमांक नाही, रेझ्युमे नाही. दोन्ही खरं होतं.

रविवारी सकाळी मी केस धुऊन ओट्यावर वाळवत बसले होते. मामा मोबाईल घेऊन आला. चष्मा लावला, काढला, परत लावला.

“पोरी, एक काम हुतं. तुज्याच कंपनीत अर्ज टाकलाय म्या. परवा बुधवारी.”

मी पंचाने केस पुसत राहिले.

“तुजं नाव कुठं लिवलं न्हाई बरं का. भाची हाय म्हनून घेतलं असं नको व्हायला. तुला उगं खाली बघायला लागायचं. फकस्त बरोबर लिवलंय का न्हाई तेवढं बघ. चुकलं असंल तर दुसरा टाकतो. मुदत येत्या शनिवारपत्तर हाय.”

त्याने मोबाईल पुढे केला. मी तो घेतला आणि सगळं पुन्हा वाचल्यासारखं केलं. त्या वेळी मी त्याला जवळ बसवून, गोडीने चार गोष्टी सांगू शकले असते. मला त्या माहीत होत्या, रोजचं काम होतं माझं. पण बुधवारी मी जी हसले होते, त्याचा सगळा राग त्या क्षणी त्याच्यावर निघाला. का म्हणून याने असा अर्ज लिहिला? का म्हणून याने मला हसायला लावलं?

“विषय कुठे आहे?” मी विचारलं.

“हा काय, लिवलाय की.”

“हा मेलच्या आत लिहिलाय. वर ही जी जागा आहे, ती कोरी आहे. आमच्याकडे दिवसाला सत्तर मेल येतात मामा. यादीत फक्त ही वरची ओळ दिसते. ती कोरी असली की कुणी उघडतसुद्धा नाही. जाहिरातीत लिहिलं होतं ना, क्रमांक टाका? वाचता येतं ना तुम्हाला?”

मामी आत भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला.

“येतं,” मामा म्हणाला.

“मग? आणि हे केवढं लिहिलंय? कोण वाचणार? साहेब एका मेलला दहा सेकंद देतात. तुमच्या गुडघ्याचं काय करायचं त्यांनी? मामींच्या शुगरचं काय करायचं?”

“म्हटलं, खरं ते सांगावं. नंतर कळाल्यावर...”

“खरं कुणी विचारलंय? कोणतं पद पाहिजे, काय काम येतं, कधीपासून येऊ शकता. झालं. सहा ओळी. आणि हे ‘सेवेशी’, ‘सविनय’, ‘आपला आज्ञाधारक’. भीक मागताय का नोकरी मागताय?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातलं छोटी पॉकेट डायरी काढली. गिरणीत असताना तिच्यात तो बेअरिंगचे नंबर लिहायचा. कोऱ्या पानावर त्याने लिहिलं, ‘विषय वर. क्रमांक.’ खाली लिहिलं, ‘सहा ओळी.’ त्याचं अक्षर सुरेख होतं. मग म्हणाला, “अजून सांग.”

“फाईल. ही फाईल उघडा. नाव काय दिसतंय?”

“मामा कागद...” तो जरा हसला. “ह्ये तर तूच...”

“मी घरच्यासाठी दिलं होतं! कंपनीला पाठवायला नाही. तिथे फोल्डरमध्ये दोनशे फायली पडतात. त्यात ‘मामा’ कोण, कुणाचा मामा, कळणार कसं? आणि आत काय काय घातलंय, आधार, रेशनकार्ड, पासबुक. असे कागद वाटत सुटायचे असतात का? रेझ्युमे कुठे आहे?”

“मंजी बायोडाटा ना? त्यो न्हाई केला.”

“नाही केला. अर्ज करायला निघाले आणि बायोडाटा नाही केला.” आणि मग मी ते म्हणाले, जे म्हणायची काही गरज नव्हती. “हे वाचून लोक हसतात, मामा.”

डायरीवरचा पेन थांबला. “कोन हसलं?”

“ऑफिसात. चहाच्या वेळी वाचून दाखवला तुमचा अर्ज. सगळे हसले.”

ओट्यावर ऊन आलं होतं, त्याने पाय आत घेतले.

“तू हुतीस तिथं?”

“होते.”

पुढचा प्रश्न तो विचारेल म्हणून मी थांबले. त्याने विचारला नाही. डायरीत मान घालून म्हणाला, “फाईलला काय नाव द्यायचं मग?”

“तुमचं नाव, आडनाव, स्टोअर असिस्टंट. मध्ये रेघ. इंग्रजीत.”

त्याने लिहून घेतलं, एक एक अक्षर.

त्या दुपारी आम्ही नवा मेल केला. आमचे साहेब मराठी मेल बाजूला टाकतात म्हणून इंग्रजीत. टाईप त्यानेच केला, मला हात लावू दिला नाही. मला वाटलं होतं त्याला जमणार नाही, पण स्टोअरचं इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. माल मागवायचा इंडेंट, माल दिल्याची इश्यू स्लिप, प्रत्येक खणाला टांगायचं आवक-जावकेचं बिन कार्ड, हे शब्द तो न अडखळता लिहीत होता. पहिल्या ओळीत पद आणि क्रमांक. दुसरीत सव्वीस वर्षं स्टोअर, त्यातली अकरा स्टोअरकीपर म्हणून. तिसरीत किती प्रकारचा माल सांभाळला. चौथीत संगणकावर साठ्याची नोंद करता येते. पाचवीत लगेच रुजू होऊ शकतो. सहावीत रेझ्युमे जोडला आहे. खाली नाव, मोबाईल. वायसरची ओळ त्याने काढली तेव्हा मी बघितलं. बोट त्या ओळीवर ठेवून थोडा वेळ थांबला, आणि पुसून टाकली.

दोन पानांचा रेझ्युमे मी टाईप केला. फाईलचं नाव त्याने घातलं. जुना ईमेल पत्ता देवाच्या नावाचा होता, मी नव्या पत्त्याची खटपट केली, त्याच्या नावाचा. पाठवायच्या आधी तो म्हणाला, “आता बघ. हसण्यासारखं काय ऱ्हायलं का?”

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

“नाही,” मी म्हणाले.

सोमवारी तो मेल यादीत दिसला. कोरा विषय नाही, क्रमांक, पद, नाव, सव्वीस वर्षांचा अनुभव, सगळं एका ओळीत. साहेबांनी माझ्या आधी उघडला. “हा बघ,” मला म्हणाले, “याला म्हणतात मेल. बोलाव याला.” फोन करून मुलाखतीला बोलावणं माझंच काम, पण मी मामाला ऑफिसातून फोन केला नाही, मेलने कळवलं. सहा ओळींच्या मेलला चार ओळींचं उत्तर. घरी दोघेही त्याबद्दल बोललो नाही.

मुलाखतीच्या दिवशी तो माझ्याबरोबर बसने आला नाही. आधीच्या बसने निघून गेला होता. मी पोहोचले तेव्हा तो आमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसला होता, लग्नातला शर्ट, दाढी गुळगुळीत, मांडीवर फाईल. मी जवळून गेले. तो उठून उभा राहिला, बाकीचे दोन उमेदवार उठले म्हणून.

“मॅडम, फॉर्म कुठं भरायचा?”

मी त्याला फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न असतो, या कंपनीत तुमचे कोणी नातेवाईक काम करतात का, असल्यास नाव लिहा. तो फॉर्म माझ्याकडेच परत आला. त्या जागी त्याने त्या सुरेख अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं.

मुलाखतीला साहेब आणि आमचे स्टोअर मॅनेजर होते. मी कोपऱ्यात बसून नोंदी घेत होते. स्टोअर मॅनेजर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले. जुना माल आधी द्यायचा हे कामगार ऐकत नाहीत तेव्हा काय करता? मामा म्हणाला, “नवा माल मागच्या बाजूनं लावतो साहेब. हाताला जुनाच येतो. सांगायची गरजच पडत न्हाई.” मॅनेजरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं.

मग साहेबांनी मूळ कागद मागितले. मामाने फाईल दिली. अनुभवपत्र उलटताना साहेबांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा वरचं नाव वाचलं, पत्ता वाचला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर चहाच्या वेळचं ते हसू आलं.

“अहो, थांबा. तुम्हीच ते का? मामा कागद?”

मामाला कळलं. माझ्याकडे न बघता त्याला कळलं.

“व्हय साहेब. पहिला अर्ज माजाच.”

साहेबांनी दार उघडून क्लार्कला हाक मारली. “अरे ये ये, हे बघ कोण आलंय! वायसरवाले मामा!” क्लार्क दारात आला, हसला, पण मामाला समोर बघून त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. साहेबांचं राहिलं नाही. ते मोबाईल काढून जुना मेल शोधायला लागले. “एक मिनिट, ती आगीची गोष्ट आहे ना, ती यांना ऐकू दे.” आणि त्यांनी दोन-तीन ओळी त्याच्या तोंडावर वाचून दाखवल्या, त्याच्याच आवाजात बोलल्यासारखं करत.

मामा हसला. लोक हसतायत म्हणून आपणही हसावं तसं, दात दाखवून.

“मग आठ दिवसांत इतके सुधारलात कसे?” साहेब म्हणाले. “दुसरा मेल कुणी लिहून दिला?”

“लिवला मीच. शिकवलं एका बाईंनी.”

“क्लासबिस लावला की काय?”

“न्हाई. वळखीच्या हायेत. लई कडक हायेत, पन बरोबर शिकवत्यात.”

“आमच्या या मॅडमपण भिंगारच्याच,” साहेबांनी माझ्याकडे हात केला. “पाहिलंय कधी?”

त्या सगळ्या वेळात मामाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. नवीन माणसाकडे बघतात तसं, चेहऱ्यावर न थांबता.

“न्हाई साहेब.”

तो गेल्यावर स्टोअर मॅनेजर म्हणाले, “मला हा माणूस पाहिजे.” साहेब म्हणाले, “सर, ज्याला स्वतःचा मेल लिहिता येत नाही तो उद्या आपली सिस्टीम काय चालवणार? दुसऱ्याने लिहून दिलेल्या मेलवर माणूस घ्यायचा का?” मॅनेजरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन असं त्यांना का वाटलं कुणास ठाऊक. मी सांगू शकले असते, की ते टाईप त्यानेच केलं, मी शेजारी होते. एवढंच वाक्य होतं. त्यापुढे दुसरं वाक्य आलं असतं, की मी शेजारी कशी होते. मी वहीत तारीख टाकली. मॅनेजरांनी खांदे उडवले आणि ते त्यांच्या कामाला गेले. जागेवर शेंडी गावातला एक तरुण घेतला गेला, कामाचा अनुभव आठ महिने.

नकाराचा मेल लिहिणंही माझ्याकडेच होतं. ठरलेला मजकूर होता, फक्त नाव आणि पद बदलायचं. मामाच्या मेलमध्ये मी एक ओळ जादा घातली, ‘आपला अनुभव मोलाचा आहे आणि मुलाखतीत तो दिसला.’ त्या आठवड्यात साहेब बाहेर जाणारे मेल तपासत होते. त्यांनी मला बोलावून पडद्यावर बोट ठेवलं.

“ही ओळ कशाला?”

“सर, त्यांचं वय... बरं वाटेल.”

“टोन बघ. नाही म्हणायचं तर नाही म्हण. अशा ओळीने माणूस परत परत मेल करतो. आणि लांबी वाढते.” त्यांनी ती ओळ स्वतःच पुसली. “विषय ठीक आहे. पाठव.”

मी पाठवला. दुपारी सव्वातीन वाजले होते. साडेपाचच्या बसने घरी आले तेव्हा मामा ओट्यावर बसून मामींच्या चपलेचा अंगठा शिवत होता. मेल आला का असं मी विचारलं नाही. आतून मामींनी मला चहा दिला आणि रात्री ताट वाढताना ते नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवलं. त्यांना कितपत माहीत होतं, मला आजही ठाऊक नाही. मामाने सांगितलं नसणार. पण रविवारी ओट्यावर मी जे बोलले ते त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाला मामा मार्केट यार्डाजवळच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानात गोदाम बघायला लागला. मालकाने तोंडी विचारलं, तोंडी ठेवून घेतलं. अजून तिथेच आहे. मी त्या कंपनीत पुढे दीड वर्ष राहिले. चहाच्या वेळचं रत्न मीच काढून देत राहिले. थांबले असं लिहिलं तर छान दिसेल, पण मी थांबले नाही. नंतर लग्न झालं, पुण्यात दुसरी नोकरी मिळाली. तिथेही अर्ज उघडायचंच काम आहे.

मामा माझ्याशी कधी वाकडं वागला नाही. लग्नात तो मामा म्हणून माझ्या पाठीशी उभा राहिला आणि त्याचे डोळे भरले. दिवाळीला गेले की अजून माझ्यासाठी तो चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढून ठेवतो. फक्त एक झालं. गेल्या दिवाळीत मी पोहोचले तर मामा घरी नव्हता. मामी म्हणाल्या, शेजारच्या पोरीकडं गेलाय, गॅसची केवायसी का काय ते मोबाईलवर करायचं हाय.

“अहो, मी येणारच होते की आज. मी केलं असतं.”

मामींनी करंजीचं सारण चमच्याने दाबलं, कडा बोटाने मुरडली.

“तुला न्हाई सांगत त्यो असलं,” त्या म्हणाल्या. “दोन-तीन वर्सं झाली. ती पोरगी चौदा वर्सांची हाय. पन तिला इचारताना त्याला बरं वाटतं.”